लांब वाक्याचं शेपूट आधी धरा

प्रश्न: नियमावलीतली लांबलचक वाक्यं वाचताना शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातच विसरते. कर्ता, क्रियापद आणि मुख्य मुद्दा पटकन कसा शोधायचा? त्याने वाचनाचा वेगही वाढेल का?

'शांतपणे दोन-तीनदा वाचा, कळेल' असं सांगणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. गुंता तीनदा पाहिला म्हणून सुटत नाही. दुसरा लाडका सल्ला म्हणजे 'आधी कर्ता शोधा'. मराठीपुरता तो उलटा आहे. आपल्याकडे कर्ता कुठेही बसतो, 'ने', 'ला', 'कडून' लावून येतो आणि 'करण्यात येईल' थाटाच्या वाक्यात तर गायबच असतो. शिवाय 'समितीने अर्ज फेटाळला, मागणी फेटाळली' यात क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही, ते कर्माप्रमाणे बदलतं. क्रियापदाची जागा मात्र बहुतेक वेळा ठरलेली असते: शेवटी. म्हणून आधी क्रियापद, मग कर्ता.

हे वाक्य घ्या:

'ज्या सभासदांनी मागील वर्षाची वर्गणी मुदतीत भरलेली नाही किंवा ज्यांनी भरलेल्या वर्गणीची पावती, ग्रंथालयाने दोनदा लेखी मागणी करूनही, सादर केलेली नाही, अशा सभासदांना, त्यांनी घरी नेलेली सर्व पुस्तके परत केल्याखेरीज आणि विलंबशुल्क भरल्याखेरीज, नवीन पुस्तक देण्यात येणार नाही, मात्र वाचनकक्षात बसून वाचण्यास त्यांना मनाई राहणार नाही.'

पेन्सिल घ्या आणि फक्त पूर्ण क्रियापदांखाली रेघ मारा. पूर्ण म्हणजे जिथे वाक्य थांबवलं तरी चालेल असं. इथे ती चार आहेत: 'भरलेली नाही', 'सादर केलेली नाही', 'देण्यात येणार नाही', 'मनाई राहणार नाही'. बाकीची क्रियापदासारखी दिसणारी रूपं फसवी आहेत. 'करूनही', 'बसून', 'वाचण्यास', 'केल्याखेरीज' यांच्यावर वाक्य थांबत नाही, त्यांना पुढे कुणाचा तरी आधार लागतो. सगळ्यात जास्त चकवतं ते '-लेली'. 'भरलेली नाही' पूर्ण आहे, पण 'नेलेली सर्व पुस्तके' यातलं 'नेलेली' हे पुस्तकांचं विशेषण आहे. ओळखायचं कसं, तर '-लेली'च्या पुढे बघा. 'आहे', 'नाही', 'होती' असलं काही आलं तर क्रियापद, आणि ती वस्तू स्वतःच पुढे आली तर विशेषण.

आता 'ज'ने सुरू होणारे शब्द शोधा: ज्या, ज्यांनी, जो, जर, जेव्हा, जरी. प्रत्येक 'ज' आपल्यापुढचं एक पूर्ण क्रियापद स्वतःकडे ओढून घेतो आणि ते गौण ठरतं. पहिल्या 'ज्या'ने 'भरलेली नाही' घेतलं, 'ज्यांनी'ने 'सादर केलेली नाही'. चारातून दोन गेली. उरली ती प्रधान. दोन उरली याचा अर्थ मुळात दोन वाक्यं 'मात्र'ने जोडलेली आहेत, आणि ती वेगळी वाचायला हरकत नाही.

पहिल्या प्रधान क्रियापदापासून मागे चाला. काय देण्यात येणार नाही? नवीन पुस्तक. कुणाला? अशा सभासदांना. देणारं कोण? लिहिलेलं नाही, ते ग्रंथालय. हाती आलेला सांगाडा सात शब्दांचा आहे: 'अशा सभासदांना नवीन पुस्तक देण्यात येणार नाही.' सेहेचाळीस शब्दांच्या वाक्यात 'सभासदांना' आणि 'नवीन' यांच्यामध्ये दहा शब्द घुसवले आहेत, म्हणून तो दिसत नव्हता. दुसऱ्याचा सांगाडा 'वाचण्यास मनाई राहणार नाही', म्हणजे बसून वाचता येईल. नकारावर नकार आला की लगेच सरळ करून समासात लिहून ठेवा, डोक्यात ठेवलं तर पुढच्या वाक्यापर्यंत उलटतं.

मग एकेक तुकडा परत बसवा. बसवताना प्रत्येक 'ने'ला त्याचं क्रियापद विचारा. 'ग्रंथालयाने दोनदा लेखी मागणी करूनही, सादर केलेली नाही' हा भाग घाईत वाचला तर पावती ग्रंथालयानेच सादर केली नाही असं वाटतं. 'ग्रंथालयाने'चा हिशोब 'करूनही'पाशी संपतो. 'सादर केलेली नाही'चा कर्ता मागचा 'ज्यांनी' आहे. आतल्या तुकड्याचा कर्ता बाहेरच्या क्रियापदाला चिकटवणं ही या प्रकारातली सगळ्यात नेहमीची चूक.

आणि 'खेरीज'. 'पुस्तके परत केल्याखेरीज मिळणार नाही' याचा अर्थ लोक 'परत केली की मिळेल' असा धरतात. वाक्य तसं म्हणत नाही. परत करणं आवश्यक आहे एवढंच ते सांगतं, तेवढं पुरेसं आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. वरच्या नियमात तर गंमत अशी की थकलेली वर्गणी नंतर भरली तर काय, हे लिहिलेलंच नाही. सांगाडा वेगळा काढल्याशिवाय ही फट दिसत नाही. तीनदा वाचणारे इथे तीनदा सहमतीची मान डोलावतात.

'शेपूट धरा' हा नियम मोडतो तो 'की'पाशी. 'समितीने सर्व हरकती ऐकून असे ठरवले की, ज्यांची मुदत संपली आहे त्यांना ती वाढवून देऊ नये.' इथे शेवटचं क्रियापद 'देऊ नये' आहे, पण प्रधान आहे 'ठरवले'. म्हणजे 'की' दिसला तर त्याच्या अलीकडचं क्रियापद प्रधान धरायचं. मात्र व्याकरणातलं प्रधान वाक्य आणि वाचणाऱ्याच्या कामाचा मुद्दा इथे वेगळे पडतात. 'समितीने ठरवले' कळून तुम्हाला काय मिळालं? मुद्दा 'की'च्या पलीकडे आहे, तेव्हा तिथून पुन्हा पहिल्यापासून तीच कृती. कार्यालयीन भाषा हाच प्रकार 'की' न वापरता करते: 'अर्जदाराने कागदपत्रे जोडली नसल्याचे निदर्शनास आले आहे.' सांगाडा 'निदर्शनास आले आहे', आशय सगळा '-ल्याचे'च्या पोटात. असं दिसलं की एक पायरी आत उतरायचं.

स्वल्पविरामांमधला मजकूर खोडून वाचा असंही कुणी सांगेल. वरच्या वाक्यात ते बरंचसं जमतं, कारण ते नीट लिहिलंय. प्रत्यक्षात निम्मे लिहिणारे स्वल्पविराम देतच नाहीत आणि उरलेले श्वास लागेल तिथे देतात. शब्दांच्या शेवटांवर भरवसा ठेवा.

वेगाचं म्हणाल तर सुरुवातीला कमीच होईल, पेन्सिल घेऊन कोणी भरभर वाचत नाही. पुढे रेघा मारायची गरज उरत नाही, '-ल्याखेरीज' दिसताच डोळा आपोआप पुढे सरकतो. एक राहिलंच: ही चिरफाड नियम, करार, आदेश, फार तर शास्त्रीय लेखनासाठी. ललित लेखनातलं लांब वाक्य ज्या क्रमाने उलगडतं त्या क्रमानेच वाचा, तिथे शेपूट आधी धरलं तर मजा जाते. आणि रेघा मारूनही एखाद्या 'ने'ला क्रियापद सापडलं नाही, तर लिहिणारा स्वतःच मध्ये हरवलाय. तेव्हा त्यालाच विचारा.