टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन : सेंद्रिय आकार की निघणारा घाट?

*‘डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढते आहे. टोपोलॉजी ऑप्टिमायझेशनला “संस्थिती इष्टतमीकरण” आणि त्यातून येणाऱ्या ऑरगॅनिक शेपला “सेंद्रिय आकार” लिहिलं तर चालेल का? आणि तो शेप मॅन्युफॅक्चरेबल करणं याला काय म्हणू?’ (सातपूर, नाशिक)*

आधी ‘सेंद्रिय’ खोडा. व्युत्पत्तीने तो चुकीचा नाही. स अधिक इंद्रिय, म्हणजे इंद्रियं असलेला. पण शब्द व्युत्पत्तीवर जगत नाही, वापरावर जगतो, आणि आपल्या नाशकात सेंद्रिय म्हटलं की खत आठवतं, नाहीतर द्राक्षं. ‘सेंद्रिय ब्रॅकेट’ वाचून मुलं हसतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. इथे ऑरगॅनिक म्हणजे एवढंच की भार पेलायला मटेरिअल कुठे हवं हे सॉफ्टवेअरने ठरवून काढलेला तुकडा हाडासारखा किंवा फांद्यांच्या बेचक्यासारखा दिसतो. मग ‘हाडासारखा’ लिहावं. विशेषण लांबलं तरी डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहतं.

‘आकार’ची अडचण याहून मोठी आहे. मराठीत साइजलाही आकार आणि शेपलाही आकारच. एरवी चालून जातं, या विषयात मात्र घोळ होतो, कारण इथे तीन वेगळी कामं आहेत. भोक पाडलेली एक पट्टी घ्या. तिची जाडी १० मिलिमीटरवरून ८ वर आणली तर बदललं ते माप. गोल भोक लांबट केलं तर बदलला तो घाट. हा छान जुना शब्द आहे, भांड्याला घाट असतो तसा. पण भोक मुळात असावं का, असल्यास किती आणि कुठे, हे ठरवायला बसलो की प्रश्न मापाचाही नाही आणि घाटाचाही नाही, तो मांडणीचा आहे. टोपोलॉजी म्हणजे हे तिसरं. गणितातली टोपोलॉजीही ताणण्या-वाकवण्याकडे पाहत नाही, भोकं मोजते. म्हणून ‘संस्थिती’ चूक नाही, पण मुलाला त्यातून काही दिसत नाही. मी ‘मांडणी’ घेईन, आणि पहिल्या वेळी शेजारी ‘टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन’ लिहून टाकेन, कारण नोकरीत तोच शब्द कानावर येणार आहे.

आता क्रियापद. ‘सॉफ्टवेअर नको असलेलं मटेरिअल कोरून काढतं’ असं सगळे सांगतात. द्राक्षाच्या गावात राहत असल्याने मीही एकदा ‘छाटणी’ वापरून बसलो होतो. खरड छाटणीची उपमा फारच जुळते असं वाटलं होतं. पण ती फसवी आहे. छाटलेली काडी परत लागत नाही. इथे तसं नसतं. बेंडसो आणि किकुची यांच्या १९८८ च्या लेखापासून ही शाखा सुरू झाली असं मानतात, आणि पुढे घनतेची जी पद्धत सर्वाधिक रुळली तिच्यात तुकड्याच्या प्रत्येक बारीक घटकाला ० ते १ यांमधली घनता दिलेली असते. मटेरिअलचा एकूण साठा ठरलेला, उदाहरणार्थ सुरुवातीच्या ठोकळ्याच्या ३० टक्के. तो कोणाला किती द्यायचा हे दर फेरीत नव्याने ठरतं. मागच्या फेरीत उपाशी राहिलेल्या घटकाला पुढच्या फेरीत पुन्हा वाटा मिळू शकतो. याला मराठीत शब्द आहे : वाटणी.

सिगमंड यांनी २००१ मध्ये शिकवण्यासाठी ९९ ओळींचा मॅटलॅब प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो असा चालवतात :

```
top(60,20,0.5,3.0,1.5)
```

६० आणि २० हे जाळीतले घटक. 0.5 म्हणजे एकूण साठा निम्मा. 3.0 हा घातांक, आणि सगळी गंमत त्यात आहे. घटकाचा ताठपणा घनतेच्या घनाप्रमाणे धरतात. अर्धं मटेरिअल दिलं तर ताठपणा अर्धा मिळत नाही, ०.५ चा घन, म्हणजे एक अष्टमांश मिळतो. अर्धा वाटा घेणं असं तोट्याचं झालं की वाटणी आपोआप ‘पूर्ण घे नाहीतर सोड’ अशी होत जाते, आणि चित्रात अर्धवट घनतेच्या करड्या ढगातून पूर्ण भरलेल्या काळ्या फांद्या उभ्या राहतात. शेवटचा 1.5 शेजाऱ्यांशी सरासरी काढण्याचा पल्ला. तो नसेल तर निकालात बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक चौकोन उमटतात. गणिताला ते ताठ वाटतात, प्रत्यक्षात ते कोपऱ्याला कोपरा टेकवून उभे असतात.

तुमचा तिसरा शब्द, मॅन्युफॅक्चरेबलसाठीचा, मला अंबडमधल्या एका वर्कशॉपमध्ये सापडला. मी तिथे डिझाइनचं काम करत होतो. मोटर पेलणारा अॅल्युमिनिअमचा ब्रॅकेट होता, भिंतीच्या बाजूला चार बोल्ट, टोकाला २००० न्यूटनचा खालचा भार. जुना तुकडा ९२० ग्रॅमचा. १६० बाय १०० बाय ४० मिलिमीटरचा ठोकळा, साठा ३० टक्के, म्हणजे साधारण ५२० ग्रॅम, एवढं सांगून गणित लावलं. बोल्टच्या आणि मोटरच्या बैठकी ‘हात लावायचा नाही’ म्हणून बाजूला ठेवल्या.

पहिला निकाल देखणा आला आणि निरुपयोगी ठरला. चूक माझी होती. मोटरवरच्या पट्ट्याची आडवी ओढ मी सांगितलीच नव्हती, आणि जो भार सांगितला नाही त्याच्यासाठी वाटणीत एक कणही ठेवला जात नाही. बाजूने ४०० न्यूटन लावून पाहिलं तर टोक दोन दशांश मिलिमीटर हललं. दोन्ही भार देऊन पुन्हा चालवलं. आता खालच्या भाराला टोक ४५ मायक्रॉन वाकत होतं. जुन्या तुकड्याचं ५५ होतं, म्हणजे हलकाही झाला आणि ताठही. फांद्या आतून पोकळ आलेल्या, मधे बारीक आडवे दांडे. मी खूश.

प्रिंटआउट घेऊन मिलिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पोकळीवर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, ‘हे निघेल का?’

कारखान्यातलं मराठी असं आहे. जॉब ‘बनत’ नाही, जॉब ‘निघतो’. काकांच्या मनात होतं की आत कटर जाणार कुठून आणि कापलेल्या धातूची चिप बाहेर पडणार कुठून. पण हाच प्रश्न फाउंड्रीत विचारला तर त्याचा अर्थ शब्दशः घ्यावा लागतो : रेतीतून पॅटर्न वर ओढला तर साचा न मोडता निघेल का? त्यासाठी उभ्या भिंतींना एक-दोन अंशांचा उतार, म्हणजे ड्राफ्ट, हवा, आणि ओढण्याच्या दिशेत कुठेही आत गेलेली खोबण नको, नाहीतर तिच्यासाठी वेगळा कोअर बसवावा लागतो. थ्री-डी प्रिंटिंगमध्ये सगळं काही छापता येतं असं म्हणतात, पण तिथेही निघण्यातून सुटका नाही. बंद पोकळीतली पावडर निघायला भोक लागतं, आणि जमिनीशी साधारण ४५ अंशांपेक्षा कमी कोन करणाऱ्या भागाखाली दिलेला आधार नंतर तोडून काढायचा असतो. तीन प्रक्रिया, तीन अडचणी, क्रियापद मात्र एकच.

यावर दोन वाटा असतात. एक, हाडासारखा निकाल घेऊन तो नंतर हाताने सुधारत बसायचा. आम्ही आधी तेच केलं. पोकळी भरून टाकली, वजन वाढलं आणि फायदा निम्मा गेला. दुसरी वाट म्हणजे निघण्याची अट वाटणीतच घालायची. ‘कटर ४० मिलिमीटर जाडीच्या दोन्ही बाजूंनी येईल’ असं सांगितलं की कटरच्या वाटेत एकदा मटेरिअल आलं की त्याच्या मागे पोकळी ठेवायला गणिताला परवानगी नसते. निकाल पार बदलला. नळ्या गेल्या, त्यांच्या जागी मधला एक पातळ पडदा आणि दोन्ही अंगांना फासळ्यांसारख्या रिब आल्या. टोक ५२ मायक्रॉन वाकू लागलं. म्हणजे निघण्याची किंमत ७ मायक्रॉन. ही किंमत आधीच कळते, म्हणून मला दुसरी वाट पटते.

तरी हा निकाल म्हणजे ड्रॉइंग नव्हे. करड्या भागाचं काय करायचं हे ठरवावं लागतं. आम्ही ०.५ च्या वरचं तेवढं ठेवलं तर एक रिब मधेच तुटली, कारण तिथली घनता ०.४ होती. असा तुटका दांडा दिसला, किंवा कापल्यावर उरलेलं वजन साठ्याशी जुळेना, तर समजावं की वाटणी नीट पूर्ण झालेली नाही किंवा जाळी जाड आहे. सॉफ्टवेअर देतं त्या एसटीएल फाइलमधला खडबडीत पृष्ठभाग जसाच्या तसा मशीनवर चढवायचा नाही. त्यातून फक्त मांडणी वाचायची, म्हणजे रिब किती, कुठून कुठे, कोणती जाड, आणि तुकडा कॅडमध्ये नव्याने काढायचा. आम्ही मधला पडदा आणि रिब ६ मिलिमीटरच्या ठेवल्या. १० मिलिमीटरचा कटर म्हणून आतल्या कोपऱ्यांना ६ ची त्रिज्या दिली. बरोबर ५ दिली असती तर कटर कोपऱ्यात अडकून घासतो आणि खुणा पाडतो.

मग पुन्हा विश्लेषण. हे टाळता येत नाही, कारण आधीचं गणित ताठपणाचं होतं, ताणाचं नव्हतं. टोक कमी वाकणं आणि कोपरा न तडकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे सर्वांत जास्त ताण वरच्या बोल्टजवळच्या कोपऱ्यात निघाला. तिथली गोलाई वाढवली आणि तो आवाक्यात आला. शेवटचा तुकडा ६१० ग्रॅमचा, वाकणं ४८ मायक्रॉन. गणितातल्या ५२० पेक्षा ९० ग्रॅम जास्त, जुन्यापेक्षा एक तृतीयांश हलका. हाडासारखा तो मुळीच दिसत नव्हता.

तेव्हा मॅन्युफॅक्चरेबलला ‘निघणारा’ लिहा. पुस्तकी हवं तर ‘उत्पादनक्षम’ सुचेल, पण आपण तो कामगाराला आणि जमिनीला लावतो, तुकड्याला नाही. टिकाऊ, विकाऊ यांच्या चालीवर ‘बनाऊ’ करण्याचा मोह मात्र आवरा. मराठीत बनाऊ म्हणजे खोटं, रचलेलं.

टिपणातलं वाक्य मी असं लिहीन : ‘मांडणी-इष्टतमीकरणात ठरलेल्या मटेरिअलची वाटणी भारानुसार होते. येणारा घाट बहुधा हाडासारखा असतो. तो ज्या प्रक्रियेतून निघायचा तिची अट वाटणीतच घालावी, आणि नव्याने काढलेला तुकडा पुन्हा तपासावा.’ शेजारी दोन्ही ब्रॅकेटची चित्रं छापा. पोकळ फांद्यांच्या चित्राखाली ‘हे निघेल का?’ एवढंच लिहा आणि उत्तराला दोन ओळी मोकळ्या सोडा.