छेदणारे लॉरेन्झ वक्र: विषमता नेमकी कुठे जास्त?

प्रश्न: दोन जिल्ह्यांचे लॉरेन्झ वक्र एकाच आलेखावर काढले आहेत. दोन्ही कर्णाच्या खाली वाकतात, पण मध्येच एकमेकांना छेदतात. गिनी गुणांक जवळपास सारखाच येतो. मग विषमता कुठे जास्त आहे हे कसे सांगायचे? आणि गिनी किती असला की विषमता जास्त समजतात?

कुटुंबे गरिबाकडून श्रीमंताकडे लावली, तर तळाच्या किती टक्के कुटुंबांकडे एकूण उत्पन्नाचा किती टक्के वाटा आहे, हे लॉरेन्झ वक्र दाखवतो, आणि सगळ्यांचे उत्पन्न सारखे असते तर तो कर्णावरच पडला असता. वक्र छेदत असतील तर त्या आलेखातून एकच निर्विवाद उत्तर निघत नाही. विषमता एकाच आकड्यात सांगणाऱ्या गिनी गुणांकाकडे बोट दाखवून जो ते काढून देतो, तो स्वतःची निवड वाचकावर लादत असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही प्रथम छेदबिंदू कुठे आहे ते पाहा, आणि त्याच्या डावीकडे राहणारी कुटुंबे कोणती आहेत ते शोधा. एवढे केल्याशिवाय गुणांक लिहूसुद्धा नका.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो आहे, कारण याच मुद्द्यावर माझा एका वरिष्ठांशी झालेला वाद आजही माझ्या मनातून गेलेला नाही. मी एका संशोधन संस्थेत सहायक म्हणून काम करत होतो आणि मराठवाड्यातील गावांमध्ये कुटुंबांच्या उत्पन्नाची पाहणी चालू होती. त्यातले एक गाव कोरडवाहू होते. तिथे लहान शेतकरी, दुकानदार, शिक्षक असा मधला थर बऱ्यापैकी भरलेला होता, मात्र तळाची भूमिहीन कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जात. दुसऱ्या गावाला कालव्याचे पाणी होते. मोजक्या बागायतदारांकडे मोठा पैसा होता, पण मजुराला वर्षभर गावातच काम मिळत असल्याने तळाच्या घरांची चूल बंद पडत नव्हती. दोन्ही गावांचा गिनी गुणांक सारखा आला आणि अहवालात वाक्य आले की दोन्ही गावांत उत्पन्नाची विषमता समान आहे. मी त्या वाक्याला हरकत घेतली.

त्या वेळचे आकडे मी इथे देत नाही. त्याच घडणीचे, हिशेबाला सोपे आकडे घेतो, म्हणजे तुम्हाला वही घेऊन पडताळता येईल. दोन्ही गावांत कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १२,००० रुपये धरा आणि कुटुंबे गरिबाकडून श्रीमंताकडे लावून त्यांचे पाच समान गट करा. कोरडवाहू गावात या गटांचे वाटे अनुक्रमे ४, १४, १८, २४ आणि ४० टक्के आहेत. कालव्याच्या गावात ते ९, ११, १४, २१ आणि ४५ टक्के आहेत. बेरीज करत गेल्यावर पहिल्या गावाचा वक्र ४, १८, ३६, ६० या उंचीवरून १०० ला पोहोचतो, तर दुसऱ्याचा ९, २०, ३४, ५५ वरून. पाच समान गट असतील तर पहिल्या चार बेरजा दशांशात एकत्र करून ०.४ ने गुणाव्यात आणि आलेली संख्या ०.८ मधून वजा करावी, की गिनी मिळतो. इथे दोन्हीकडे ती बेरीज १.१८ आहे, म्हणून दोन्हीकडे गिनी ०.३२८ येतो.

आता वक्रांमधले अंतर टप्प्याटप्प्याने पाहा. तळाच्या २० टक्क्यांवर कालव्याच्या गावाचा वक्र ५ टक्क्यांनी वर आहे आणि ४० टक्क्यांवर २ टक्क्यांनी वर आहे. बरोबर ५० टक्क्यांवर दोन्ही वक्र २७ या उंचीवर एकमेकांना छेदतात. त्यानंतर ६० टक्क्यांवर तोच वक्र २ टक्क्यांनी आणि ८० टक्क्यांवर ५ टक्क्यांनी खाली जातो. कर्ण आणि वक्र यांमधले क्षेत्रफळ दुप्पट केले की गिनी मिळतो, त्यामुळे डावीकडचा फायदा आणि उजवीकडचा तोटा एकमेकांना पूर्णपणे खाऊन टाकतात. गुणांक सारखा येण्याचे कारण एवढेच आहे, आणि ‘समान विषमता’ या शब्दांमागे याहून काहीही नाही.

वक्राचा उतार वाचला तर माणसे दिसू लागतात. एखाद्या गटावरचा उतार म्हणजे त्या गटाचे उत्पन्न सरासरीच्या किती पट आहे ते. कोरडवाहू गावात पहिला तुकडा २० टक्के आडवा सरकताना ४ टक्केच वर चढतो, म्हणजे उतार ०.२, म्हणजे महिना २,४०० रुपये. कालव्याच्या गावात तोच उतार ०.४५ आहे, म्हणजे ५,४०० रुपये. वरच्या टोकाला हेच उत्पन्न अनुक्रमे २४,००० आणि २७,००० रुपये येते. वरच्या गटातला ३,००० रुपयांचा फरक त्या घरांच्या ऐपतीत मुरून जातो. तळाशी मात्र तेवढाच ३,००० रुपयांचा फरक उत्पन्न दुपटीहून जास्त करतो.

माझे म्हणणे एवढेच होते की गुणांकाबरोबर तळाच्या पंचमांशाचा वाटा छापावा. वरिष्ठ म्हणाले, “वाचणाऱ्याला एक आकडा लागतो. गिनी सारखा आला, विषय संपला.” मी म्हटले, “सर, मग निदान आलेख तरी राहू द्या.” आलेखही अहवालातून गाळला गेला. कोरडवाहू गावात ज्या घरी मी बसलो होतो, तिथे मुलगा आणि सून कारखान्यावर गेले होते, घरी आजी आणि दोन नातवंडे होती, आणि उत्पन्नाच्या रकान्यात निराधार योजनेची रक्कम व एका शेळीची विक्री एवढ्याच नोंदी होत्या. कालव्याच्या गावात इतके रिकामे पान मला एकही भरावे लागले नव्हते. त्या दोन गावांची विषमता समान आहे असे लिहिणे मला तेव्हाही अयोग्य वाटले आणि आजही वाटते.

वरिष्ठांच्या बाजूने नेहमी असे सांगितले जाते की गिनी तटस्थ असतो. तो तटस्थ नाही. एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे १०० रुपये गेले तर गिनी किती हलेल, हे त्या दोघांमध्ये उत्पन्नाच्या रांगेत किती कुटुंबे उभी आहेत यावर ठरते. देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे उत्पन्न किती आहे हे तो पाहत नाही. मध्यम उत्पन्नाच्या पट्ट्यात माणसांची दाटी असते, म्हणून तिथल्या लहानशा हालचालीनेही गिनी बराच बदलतो, आणि तळाशी एखादे घर उपासमारीतून बाहेर आले तरी त्याची दखल तो तुलनेने कमी घेतो. हासुद्धा एक मूल्यनिर्णय आहे. अँथनी अ‍ॅटकिन्सन या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये ही गोष्ट नेमकेपणाने मांडली. सरासरी समान असेल आणि वक्र छेदत नसतील, तर श्रीमंताकडून गरिबाकडे पैसा जाणे चांगले मानणारा कोणीही वरचाच वक्र पसंत करील. वक्र छेदले, की हेच तत्त्व मानणारी दोन मापे उलटसुलट निकाल देऊ शकतात.

आपल्याच उदाहरणात दुसरे एक माप लावून पाहा. कर्ण आणि वक्र यांमधले सर्वांत मोठे उभे अंतर म्हणजे सगळ्यांना सरासरीवर आणण्यासाठी एकूण उत्पन्नाचा किती भाग हलवावा लागेल ते. यालाच हूव्हर निर्देशांक म्हणतात. कोरडवाहू गावात ते ६० उणे ३६ म्हणजे २४ टक्के आहे, आणि कालव्याच्या गावात ६० उणे ३४ म्हणजे २६ टक्के. या मापाने कालव्याचे गाव अधिक विषम ठरते, तळाच्या वाट्याने कोरडवाहू गाव अधिक विषम ठरते, आणि गिनी म्हणतो दोन्ही सारखी. तुमच्या दोन जिल्ह्यांसाठी तिन्ही काढा आणि तिन्ही छापा. निवड तुम्ही करा, पण कोणत्या कारणाने केली ते उघडपणे लिहा.

जिल्ह्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. लॉरेन्झ वक्र फक्त वाटे दाखवतो, रक्कम दाखवत नाही. माझ्या उदाहरणात सरासरी समान धरली आहे. तुमच्या जिल्ह्यांत ती बहुधा समान नसेल. तेव्हा वक्राची प्रत्येक उंची त्या त्या जिल्ह्याच्या सरासरी उत्पन्नाने गुणून दुसरा आलेख काढा. पुष्कळदा मूळ वक्र छेदतात आणि गुणलेले वक्र छेदत नाहीत. मग विषमतेचा नसला तरी कल्याणाचा, म्हणजे एकंदरीत लोकांची स्थिती कुठे बरी आहे याचा, निकाल स्पष्ट लागतो.

आता काही अटी, ज्या मी आधीच सांगायला हव्या होत्या असे कोणी म्हणेल. पाच गटांवरून काढलेला गिनी खऱ्यापेक्षा कमी येतो, कारण प्रत्येक गटाच्या आतली विषमता सरळ रेषेखाली झाकली जाते. कुटुंबाऐवजी दरडोई उत्पन्नाने रांग लावली तर क्रम बदलतो. शेतीत तोटा झालेली घरे असतील तर वक्र सुरुवातीला आडव्या अक्षाच्याही खाली जातो. ती घरे गाळून टाकू नका. आणि ऊसतोडीच्या गावात मुकादमाकडून घेतलेली उचल कोणत्या रकान्यात जाते हे विचारल्याशिवाय पहिल्या पंचमांशावर विश्वास ठेवू नका. आम्ही हंगामात फिटलेला भाग मजुरी धरला होता आणि उरलेला कर्ज. सगळी उचल उत्पन्न धरली असती तर वक्राचे डावे टोक वर उचलले गेले असते आणि छेदबिंदू डावीकडे सरकला असता. वरच्या टोकाला अडचण उलटी असते: बागायतदार पूर्ण उत्पन्न सांगत नाही, म्हणून वक्र तिथे असतो त्यापेक्षा कमी वाकलेला दिसतो.

गिनी किती असला की जास्त, याला सर्वत्र लागू होणारी सीमारेषा नाही. मात्र कशाचा गिनी आहे हे आधी विचारा. केंद्र सरकारच्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत २०२२-२३ साठी ग्रामीण भारताचा गिनी ०.२६६ आणि शहरी भारताचा ०.३१४ आला, तो खर्चाचा आहे, उत्पन्नाचा नाही. श्रीमंत घर उत्पन्नाचा मोठा भाग शिल्लक टाकते आणि गरीब घर उधारीवरही खर्च करते, म्हणून खर्चाचा वक्र कर्णाच्या जवळ राहतो. तुमच्या एका जिल्ह्याचे आकडे उत्पन्नाचे आणि दुसऱ्याचे खर्चाचे असतील, तर ते दोन वक्र एका आलेखावर काढूच नयेत.