मुदतवाढ मागताना तारीख तुम्हीच सुचवा

प्रश्न: उद्या, शुक्रवारी रात्री ११:५९ पर्यंत असाइनमेंट द्यायची आहे. सोमवार रात्रीपासून तापाने पडून आहे, डॉक्टरांनी शनिवारपर्यंत विश्रांती सांगितली आहे. पाचपैकी तीनच प्रश्न झालेत. सरांना मुदतवाढीसाठी ईमेल कसा लिहू? बहाणा वाटेल अशी भीती वाटते. सर्टिफिकेट जोडायलाच हवं का?

उत्तर:

आधी ईमेल आजच पाठवा, उद्या संध्याकाळपर्यंत थांबू नका. मी कॉलेजात शिकवते आणि असे ईमेल मला दर सत्रात येतात. मुदतीच्या आदल्या दिवशी आलेल्या ईमेलवर मला विचार करता येतो. मुदत संपायला वीस मिनिटं असताना आलेला ईमेल मी दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

बहाणा वाटेल ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते, आणि तिच्यामुळेच ईमेल बिघडतो. एका विद्यार्थिनीचा ईमेल माझ्या चांगला लक्षात आहे. चार परिच्छेद होते. ताप किती चढला, रात्री किती वेळा उलटी झाली, घरातले कसे काळजीत आहेत, मी पहिल्यापासून किती नियमित आहे, आणि तीन वेळा माफी. तिच्या आजारपणाबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. पण ती कोणत्या वर्गातली, कोणती असाइनमेंट, किती काम झालंय आणि किती दिवस हवेत, यातलं एकही त्यात नव्हतं. मी हे चार प्रश्न उलट विचारले. ती झोपलेली होती, तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, आणि तोवर मुदत टळून गेली होती. नंतर मी वाढवून दिली खरी, पण ती पोरगी आजारी असताना एक अख्खा दिवस नाहक घोर लावून बसली, याचं मला आजही वाईट वाटतं.

मुदतवाढ देताना शिक्षक फार काळ ‘हा खरं बोलतोय का’ हे तोलत बसत नाहीत. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा असतो: कोणती तारीख दिली तर माझं पुढचं गणित बिघडणार नाही? हे उत्तर तुमच्या ईमेलमध्येच तयार मिळालं, तर त्यांना फक्त ‘चालेल’ एवढंच लिहायचं उरतं. ‘थोडी मुदत वाढवून मिळावी’ असं लिहिलंत, तर तारीख ठरवायचं काम त्यांच्यावर येतं, आणि ते काम मागे पडतं.

म्हणून तारीख तुम्ही काढा. ती आजारपणाच्या दिवसांवरून काढू नका. ‘तीन दिवस आजारी होतो, तर तीन दिवस द्या’ हा हिशेब दिसायला सरळ आहे, पण ताप उतरल्यावर माणूस लगेच पहिल्यासारखा कामाला बसू शकत नाही. उरलेल्या कामावरून काढा. तुमचे दोन प्रश्न राहिलेत. समजा त्यांना मिळून सहा तास लागतील. शनिवारपर्यंत विश्रांती आहे. अशक्तपणात रोज दोन तास बसणं झेपेल असं धरलं, तर रविवार, सोमवार, मंगळवार. म्हणजे मंगळवारी रात्री ८ पर्यंत. एवढं मागा. दोन दिवस मागून पुन्हा दोन दिवस मागण्यापेक्षा एकदाच चार दिवस मागणं केव्हाही बरं. दुसरी मुदतवाढ पहिलीपेक्षा खूप अवघड जाते.

आता या तारखेला दुसऱ्या बाजूने एक मर्यादा असते, आणि ती विद्यार्थ्यांना सहसा माहीत नसते. असाइनमेंटची उत्तरं वर्गात सोडवून दाखवली किंवा तपासलेले पेपर परत दिले, की त्यानंतर कोणाकडूनही ती असाइनमेंट घेता येत नाही, कारण उत्तरं सगळ्यांच्या हातात गेलेली असतात. त्यामुळे सर हे कधी करणार आहेत ते वेळापत्रकात बघा किंवा वर्गमित्राला विचारा. चर्चा पुढच्या गुरुवारी असेल तर मंगळवार अगदी योग्य. चर्चा सोमवारीच असेल तर मंगळवार मागण्यात अर्थ नाही. तेव्हा रविवार रात्र मागा, आणि तेवढ्यात चौथाच प्रश्न होईल हे सरळ लिहा.

तुमच्या माहितीवरून ईमेल साधारण असा होईल. विषय, तुकडी आणि रोल नंबर तुमचा घाला.

> विषय: मुदतवाढीची विनंती, मंगळवारपर्यंत: संख्याशास्त्र, असाइनमेंट २, रोल नंबर ४७
>
> आदरणीय सर,
>
> मी आपल्या संख्याशास्त्राच्या वर्गात आहे (तुकडी ब, रोल नंबर ४७). असाइनमेंट २ ची मुदत उद्या, शुक्रवारी रात्री ११:५९ पर्यंत आहे. ती मंगळवारी रात्री ८ वाजेपर्यंत वाढवून मिळावी, अशी विनंती आहे.
>
> सोमवारी रात्रीपासून मला ताप आहे. डॉक्टरांनी शनिवारपर्यंत विश्रांती घ्यायला सांगितलं आहे. पाचपैकी पहिले तीन प्रश्न पूर्ण झाले असून ते सोबत जोडले आहेत. उरलेले दोन प्रश्न रविवार ते मंगळवार या दिवसांत पूर्ण करता येतील.
>
> वैद्यकीय प्रमाणपत्र आवश्यक असल्यास लगेच पाठवेन. मुदतवाढ शक्य नसेल, तर झालेलं काम उद्याच्या मुदतीत जमा करेन.
>
> आपला नम्र,
> (पूर्ण नाव, तुकडी, रोल नंबर)

यात विनंती पहिल्याच परिच्छेदात आहे आणि कारण दुसऱ्यात, हे मुद्दाम. आपल्याला आधी कारण सांगून मग हळूच मागायची सवय असते. पण शिक्षक हे दोन तासांच्या मधल्या वेळेत फोनवर वाचतात, आणि मागणी काय आहे ते कळण्याआधीच घंटा होते. विषयाच्या ओळीतही म्हणूनच ‘मुदतवाढीची विनंती’ हे शब्द सगळ्यात पुढे ठेवलेत. फोनवर ओळीचा शेवट कापला जातो.

आजाराबद्दल दोन वाक्यं पुरतात: कधीपासून आणि त्यामुळे काय करता येत नाही. रक्ताचा अहवाल, थर्मामीटरचा फोटो, सलाईन लावलेल्या हाताचा फोटो, यातलं काही नको. मला असे फोटो आलेत आणि प्रत्येक वेळी वाटलं की या मुलाला आपल्यापुढे हे सिद्ध करावं लागावं, हे बरोबर नाही. आजाराचं नाव सांगायचं नसेल तर ‘वैद्यकीय कारणामुळे’ एवढं लिहिलंत तरी चालतं. खोटं मात्र काही लिहू नका, साध्या सर्दीचा टायफॉईड करू नका. पुढे कधी प्रमाणपत्र मागितलं तर त्यावर वेगळंच लिहिलेलं असेल.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर सत्राच्या सुरुवातीला विषयाची जी नियमावली मिळाली असेल ती उघडा. उशिरा दिलेल्या कामाबद्दल त्यात बहुतेक काहीतरी लिहिलेलं असतं. प्रमाणपत्र लागेलच असं असेल तर जोडा. हाताशी नसेल तर ते कधी मिळेल ती तारीख लिहा, पण त्याच्यासाठी ईमेल अडवून ठेवू नका. नियम काहीच नसेल तर वर लिहिलंय तसं ‘आवश्यक असल्यास’ पुरेसं आहे. काही ठिकाणी मुदतवाढ द्यायचा अधिकार शिक्षकाकडे नसतोच, विभागाकडे असतो. तसं असेल तर सरांना एवढंच विचारा की अर्ज कोणाकडे करायचा.

झालेले तीन प्रश्न जोडायला मी आवर्जून सांगते. बहाणा वाटण्याच्या भीतीवर याच्याइतकं चांगलं औषध दुसरं नाही. ज्याने काम सुरूच केलं नव्हतं आणि ज्याचं काम तापामुळे मध्येच थांबलं, या दोघांतला फरक त्या फाईलमध्ये दिसतो. फाईल अर्धवट असली, चौथ्या प्रश्नाचं नुसतं कोष्टक भरलेलं असलं, तरी हरकत नाही.

ईमेल कॉलेजच्या पत्त्यावरून पाठवा. खासगी पत्त्यावरून आलेला ईमेल कधी कधी स्पॅममध्ये जातो, आणि पत्त्यात नाव धड नसेल तर कोणाचा आहे तेही कळत नाही.

पाठवल्यानंतर उत्तर आलं नाही, तर त्याचा अर्थ होकार असा धरू नका. इथे खूप जण फसतात. उद्या दुपारपर्यंत वाट बघा, मग त्याच ईमेलला उत्तर म्हणून एक ओळ लिहा: ‘सर, कालच्या विनंतीबद्दल आपला निर्णय कळवावा. तोपर्यंत झालेलं काम आज रात्री जमा करत आहे.’ नवीन ईमेल सुरू करू नका, म्हणजे सगळं एकाच जागी राहील. आणि उत्तर येवो न येवो, रात्री मुदतीच्या आत तीन प्रश्न पोर्टलवर चढवाच. मुदतवाढ मिळाली तर पूर्ण काम नंतर देता येईल. फक्त चढवताना ‘एकदा जमा केलं की बदलता येणार नाही’ अशी सूचना दिसते का ते बघा. दिसली तर जमा करण्यासाठी शेवटच्या तासापर्यंत थांबा.

होकार आला तरी एक गोष्ट तपासायची राहते. समजा तुमच्या कॉलेजचं पोर्टल मूडलवर चालतं. त्यात असाइनमेंटला दोन तारखा लावता येतात. `Due date` उलटली तर काम घेतलं जातं पण उशिराचं म्हणून नोंद होते. `Cut-off date` उलटली की काम घेतलंच जात नाही. सरांनी ईमेलवर ‘चालेल’ म्हटलं, तरी पोर्टलला ते माहीत नसतं. त्यांना तुमच्या नावापुढे जाऊन `Grant extension` करावं लागतं, आणि घाईत ते राहून जातं. माझ्याकडूनही राहिलंय. त्या मुलाने मंगळवारी रात्री साडेसातला पोर्टल उघडलं तर ते बंद होतं. त्याने घाबरून न जाता फाईल त्याच ईमेलला जोडून ८ च्या आत पाठवली, आणि लिहिलं की पोर्टल बंद दिसतंय. माझ्याकडे वेळेची नोंद होती, त्याचा एकही गुण गेला नाही.

तेव्हा होकार आल्यावर आभार मानताना तारीख परत लिहा: ‘धन्यवाद सर, मंगळवारी रात्री ८ पर्यंत पोर्टलवर जमा करेन.’ आणि सोमवारीच एकदा पोर्टल उघडून बघा. बंद दिसलं तर सरांना सांगायला तुमच्याकडे एक पूर्ण दिवस असेल.

आत्ता ताप असेल तर वरचा ईमेल उतरवून, कंसातल्या जागा भरून पाठवा आणि झोपा.