30 दिवसांची नोटीस आणि गोदामातला माल

प्रश्न : पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या एका नामांकित कंपनीचं काम घ्यायचं आहे. दुकान अमळनेर तालुक्यात. कंपनीचा माणूस कधी फ्रँचायझी म्हणतो, कधी डिस्ट्रिब्युटर; करारावर मात्र 'अधिकृत डीलर' छापलंय. 2 लाख टोकन आणि सही केलेले दोन कोरे चेक देऊन झालेत, करारावर सही व्हायची आहे. तिन्हींपैकी काय घ्यावं म्हणजे पुढे अडचण येणार नाही?

उत्तर : ढोबळमानाने सांगायचं तर फ्रँचायझीत कंपनीचं नाव आणि पद्धत फी भरून वापरायला मिळते, डिस्ट्रिब्युटर स्वतःच्या पैशाने माल घेऊन दुकानदारांना पुरवतो आणि डीलर थेट शेतकऱ्याला विकतो. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. हे सगळं 1872 च्या करार कायद्यावरच चालतं. कोर्ट मथळा बघत नाही, आतली कलमं बघतं. तेव्हा कोणतं नाव मिळालं यावर अडून बसू नका.

करार संपवण्याचं कलम काढून वाचा. बहुतेक छापील करारांत 'कोणताही पक्ष कारण न देता 30 दिवसांची नोटीस देऊन करार संपवू शकतो' अशा अर्थाची ओळ असते. तुमच्याही करारात ती असेल, तर बाकीची पानं त्यानंतर.

अशा कराराला कायदा मुळातच संपवता येण्याजोगा मानतो. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 14 प्रमाणे असा करार पुढे चालू ठेवायला कोर्ट कंपनीला भाग पाडत नाही, आणि कलम 41 मुळे मनाईहुकूमही सहसा मिळत नाही. इंडियन ऑइल आणि अमृतसर गॅस सर्व्हिस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. वितरकाचं काम काढून घेणं चूक होतं असं लवादाने ठरवलं होतं, तरीही काम परत मिळालं नाही. भरपाई मिळाली ती फक्त नोटिशीच्या 30 दिवसांच्या कमाईची.

हे आपल्या हंगामाला लावून बघा. बागायती कापसाच्या लागवडीसाठी मे महिन्यात तुम्ही 18 लाखांचा माल गोदामात भरला. त्यातला 12 लाखांचा उधारीवर गेला. ती उधारी कापूस विकला की, म्हणजे दिवाळीच्या आसपास सुटणार. जुलैत कंपनीने नोटीस दिली आणि शेजारच्या दुकानाला काम दिलं. महिन्याला 40 हजार सुटत असतील, तर कोर्टात भांडून हाती येणारी भरपाई साधारण तेवढीच. माल तुम्ही विकत घेतलेला, म्हणून उरलेले 6 लाखांचे पाइप तुमचेच. ते कंपनीने परत घ्यावेत असं करारात लिहिलं नसेल, तर तो हक्क कायदा आपोआप देत नाही. फ्रँचायझी असती तर वर बोर्डही उतरवावा लागला असता.

म्हणून सहीआधी चार ओळी घालून मागा. पहिली दोन वर्षं पैसे थकवल्याशिवाय करार संपवायचा नाही. त्यानंतर नोटीस किमान 6 महिन्यांची, म्हणजे एक उधारी वसूल व्हायला वेळ मिळतो. करार कोणीही संपवला तरी न उघडलेला, विकण्याजोगा माल कंपनीने बिलाच्या किमतीने 30 दिवसांत परत घ्यायचा. आणि डिपॉझिट त्याच मुदतीत परत. 'अंतिम हिशेबानंतर' हे शब्द चालणार नाहीत, कारण तो हिशेब कधी पूर्ण करायचा हे कंपनीच्याच हातात राहतं. तालुका फक्त तुमचा की नाही, हेही लिहून घ्या, पण वरच्या ओळी नसतील तर त्याचा उपयोग थोडाच. छापील फॉर्म बदलत नाही म्हणाले, तर हाच मजकूर कंपनीच्या लेटरहेडवर, अधिकार असलेल्या माणसाच्या सहीने पुरवणीपत्र म्हणून घ्या. एरिया मॅनेजरचा तोंडी शब्द किंवा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप याला पर्याय नाही.

'वाद मुंबईच्या कोर्टात' असं कलम दिसलं, तर ते बहुधा टिकतं. जळगावला दावा लावायच्या भरवशावर राहू नका. लवादाचं कलम असेल तर चित्र वेगळं असू शकतं. करार पाहिल्याशिवाय त्यावर मी काही सांगणार नाही.

आता चेक. सही करून कोरे चेक देणं हा निष्काळजीपणा होता, आणि असे लोक माझ्याकडे चेक बाउन्सची नोटीस हातात आल्यावरच येतात. कोरा होता एवढ्याने सुटका होत नाही, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं आहे. आजच कंपनीच्या अधिकृत ईमेलवर दोन्ही चेकचे नंबर लिहून कळवा की ते फक्त सुरक्षेपोटी दिले आहेत, आजमितीला तुम्ही कंपनीला काहीही देणं लागत नाही आणि करार न झाल्यास ते परत हवेत. 2 लाख कशापोटी घेतले आणि करार झाला नाही तर किती दिवसांत परत देणार, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. लेखी उत्तर येईपर्यंत सही करू नका.

माल परत घ्यायला कंपनी तयारच नसेल, तर तिच्याकडून थेट काम न घेता जिल्ह्यातल्या डिस्ट्रिब्युटरकडून आठवड्याला लागेल तेवढा माल उचला. मार्जिन कमी बसेल, पण गोदामात 18 लाख अडकणार नाहीत.