काटा पडला की आधी डायनामो बघा, मीटर नंतर

प्रश्न: जुनी डिझेल जीप आहे. चालवताना आरपीएमचा काटा मध्येच शून्यावर पडतो, खड्ड्यात आपटली की उडी मारून परत वर येतो. गाडी बंद पडत नाही, बॅटरीचा दिवाही लागत नाही. मेकॅनिक म्हणतो मीटर बदला. नवा घ्यावा का, आणि साधारण किती पडेल?

उत्तर:

मीटर अजिबात घेऊ नका. निदान मल्टीमीटर लावून बघेपर्यंत तरी.

जुन्या डिझेलला स्पार्क नाही, कॉइल नाही. मग काट्याला इंजिनचे फेरे कळणार कुठून? डायनामोकडून. (अल्टरनेटर म्हणा, पण आमच्याकडे सगळे डायनामोच म्हणतात.) त्याच्या मागे बॅटरीच्या जाड वायरीशिवाय एक बारीक वायर निघते, तिच्या टोकाला ‘डब्ल्यू’ लिहिलेलं असतं. डायनामो फिरून वीज तयार करतो तेव्हा या वायरीतून ठोके जातात आणि मीटर ते मोजतं. म्हणजे तुमचा काटा इंजिन बघतच नाही, डायनामो बघतो. डायनामोने वीज करणं थांबवलं की इंजिन कितीही जोरात फिरत असो, काटा शून्यावर.

हे मी माझ्या साडूंना कैक वर्षं सांगतोय. त्यांचं म्हणणं, “दिवा लागला नाही ना, मग चार्जिंग ठीक आहे.” एका पावसाळ्यात आम्ही कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो, आणि मलकापूर सोडल्यावर काटा नाचायला लागला. हेडलाइट, वायपर, ब्लोअर, सगळं चालू. साडूंनी काचेवर टिचकी मारली, काटा वर आला, ते खूश. पुढच्या खड्ड्याला परत खाली. टिचकीने नव्हे, हादऱ्याने येत होता तो.

आंब्याला टपरीपाशी गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर लावला: १२.१ व्होल्ट. ॲक्सिलरेटर दाबून धरला तरी १२.१. चार्जिंग होत असेल तर तिथे १३.८ ते १४.४ दिसायला हवं. म्हणजे आम्ही नुसत्या बॅटरीवर चाललो होतो. जुन्या डिझेलचा पंप मेकॅनिकल, त्यामुळे इंजिन तक्रार करत नाही. तक्रार करतात ते हेडलाइट, आणि तीही घाटाच्या मध्यात.

साडू म्हणाले, “अहो पाव्हणं, चालू गाडीत बॅटरीची वायर काढा की. बंद पडली तर डायनामो गेला, नाही पडली तर बरा.” ही जी रस्त्याकडेची परीक्षा आहे ना, तिच्याबद्दल मला फार राग आहे. एक तर जुनी डिझेल वायर काढल्यावरही चालूच राहू शकते, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दुसरं, डायनामो बरा असेल तर बॅटरी निघाल्याबरोबर त्याचं व्होल्टेज क्षणभर एकदम वर उसळतं. त्यात डायोड जातात, कटाऊट जातो, बल्ब जातात. धडधाकट डायनामो मारायचा हा खात्रीचा उपाय आहे. मी पान्याला हात लावू दिला नाही.

त्याऐवजी इंजिन बंद केलं आणि नुसती चावी फिरवली. या वेळी बॅटरीचा लाल दिवा लागलाच पाहिजे. आमचा लागला नाही! इथेच साडूंचा सिद्धांत पडला. त्या दिव्यातून जाणारा करंट कटाऊटमधून, डायनामोच्या कार्बनमधून, आतल्या फिरत्या गुंडाळीत जातो, आणि त्यानेच डायनामो जागा होतो. कार्बन झिजून टेकेनासे झाले की तो रस्ताच तुटतो. मग चार्जिंगही नाही आणि दिवाही नाही. बॅटरी संपत आलेली असताना दिवा मात्र शांत. डायनामोच्या पाठीवर पान्याच्या दांड्याने हलकं ठोकलं (इंजिन बंद असताना, हे महत्त्वाचं), तर दिवा लुकलुकून लागला. चालू केल्यावर काटा वर, बॅटरीवर १३.९.

तरी रात्री घाट उतरलो नाही. याचं कारण कार्बन नव्हे, दुसरं आहे आणि ते तुमच्यासाठीही सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप डायनामोच्याच मागे, त्याच दांड्यावर बसवलेला असतो. फॅनबेल्ट तुटला तर काटा शून्यावर येतोच, पण दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं घट्टही होतं. अंधारात, पावसात तो पट्टा नीट बघता येत नव्हता. सकाळी बघितला: अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिमी खाली जात होता, भेगा नव्हत्या, ब्रेकही मऊ होता. मग उतरलो. साखरप्याला वायरमनने डायनामो उघडला. दोन्ही कार्बन जेमतेम ४ मिमी उरलेले, मागची स्प्रिंग त्यांना पुढे ढकलूच शकत नव्हती. नवे घातले, रिंगा बारीक पॉलिश पेपरने साफ केल्या, खर्च काही शेकड्यांचा. काटा त्यानंतर नाचला नाही. साडू अजूनही म्हणतात की त्याने गुपचूप मीटरची वायर घट्ट केली असणार.

तुमची लक्षणं हुबेहूब हीच दिसतात, म्हणून एवढं लिहिलं. चावी फिरवून दिवा लागतो का बघा. लागत नसेल तर बल्ब, त्याची वायर किंवा कार्बन. बल्बच उडालेला असेल तर एक वेगळी खूण मिळते: गाडी चालू केल्यावर काटा शून्यावर बसून राहतो आणि एकदा जोरात रेस केली की टुणकन उठतो, मग नीट चालतो. काटा पूर्ण न पडता हेडलाइट लावल्यावर थोडा खाली बसतो, इंजिनचा आवाज मात्र तोच, सोबत चिरका आवाजही येतो, तर पट्टा घसरतोय. आणि काटा शून्यावर असतानाही बॅटरीवर १४ च्या आसपास मिळत असतील, तर डायनामो निर्दोष, ‘डब्ल्यू’ची वायर किंवा मीटर बघा.

हे सगळं जुन्या डिझेलपुरतं. काही नव्या डायनामोंचे कटाऊट कार्बन तुटल्याचं ओळखून दिवा लावतात. कॉमन रेल गाड्यांत काटा क्रँक सेन्सरवरून कॉम्प्युटरमार्फत चालतो, तिथे माझं ऐकू नका, स्कॅनर लावा. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या पेट्रोलला काटा कॉइलच्या मायनसवरून चालतो, तिथे गोष्ट उलटी: गिअरमध्ये धावताना इंजिन गचकलं आणि चाकं इंजिन ओढत असतानाही काटा एकदम शून्यावर आला, तर इग्निशन गेलं. काटा इंजिनबरोबर हळूहळू उतरला तर आधी पेट्रोल बघा.

मीटरची किंमत विचारलीत, ती दुकानदार सांगेल. त्याच्याकडे जाण्याआधी मल्टीमीटर एसीवर ठेवून, गाडी सावकाश चालू असताना ‘डब्ल्यू’ आणि बॉडीमध्ये लावा. सहा ते आठ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मग मीटरच्या मागच्या सॉकेटवर तेच मोजा. काटा पडलेला असताना दोन्हीकडे मिळाले, तरच पैसे काढा.