नो कॉस्ट ईएमआयवर घेतलेला कन्सोल आणि बिलात वाढलेले पैसे

"मॅडम, मी पीएस5 घेतला, 54,990 चा, क्रेडिट कार्डवर 12 महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय. दुकानात 4,583 महिना सांगितलं होतं आणि पहिल्याच बिलात 4,939 आले. वर कंट्रोलर आणि गेम पे लेटर अॅपवरून घेतले, झिरो इंटरेस्ट म्हणून, तिथेपण पैसे कापले गेलेत. माझी फसवणूक झालीय का? दुसऱ्या एका अॅपवर 24 टक्क्यांनी पर्सनल लोन मिळतंय, ते घेऊन कार्डाचं एकदाच क्लोज करून टाकू का? घरी अजून काही माहीत नाही."

हा मुलगा नाशिकचा, चोविशीतला, पगार 28 हजार. नाव आपण रोहन धरू. असे फोन मला दिवाळीनंतर भरपूर येतात आणि बहुतेकांना आधी हेच ऐकायचं असतं की फसवणूक झाली की नाही. मी म्हटलं, आधी बिल काढ, दुकानाचं आणि कार्डाचं दोन्ही, मग बोलू.

दुकानाच्या बिलावर किंमत 54,990 नव्हतीच, साधारण 50,507 होती, आणि वर "ईएमआय डिस्काउंट" म्हणून साडेचार हजार वजा केलेले. नो कॉस्टची सगळी गंमत इथेच आहे. बँक तिचं व्याज सोडत नाही, ह्याच्या कार्डाला वर्षाला 16 टक्के लागले होते. 50,507 वर 16 टक्क्यांनी 12 हप्ते काढले की बेरीज बरोबर 54,990 होते. म्हणजे व्याज आहेच, फक्त तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी आधीच देते म्हणून आपल्याला शून्य दिसतं. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं, आणि 2022 च्या कार्डाच्या नियमांत तर मुद्दल, व्याज आणि दिलेली सूट हे ईएमआय करायच्या आधी आणि बिलातसुद्धा वेगवेगळं दाखवायलाच हवं असं आहे. रोहनच्या बिलात ते दाखवलेलं होतं, पण बिल उघडून कोण बघतं, मेसेजमधला आकडा बघायचा आणि भरायचं.

आता वरचे पैसे. पहिल्या महिन्याचं व्याज 673 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 121. ह्या जीएसटीवर कुणी सूट देत नाही, तो आपल्याच खिशातून जातो, दर महिन्याला थोडा थोडा कमी होत शेवटच्या हप्त्याला 11 रुपयांवर येतो, वर्षभराचा मिळून साधारण 807. शिवाय प्रोसेसिंग फी 199 आणि तिचा जीएसटी 36, ती एकदाच. 4,583 अधिक 121 अधिक 235, झाले 4,939. फसवणूक नाही, पण दुकानातल्या पोराने हे सांगितलं नव्हतं हेही खरं.

मग मी विचारलं, रोख घेतला असतास तर कितीला पडला असता? तो जरा वेळ गप्प. म्हणाला, डेबिट कार्डावर फुल पेमेंट केलं असतं तर 3,000 ची सूट होती, पण ईएमआयवर ती चालत नव्हती. हीच खरी किंमत, आणि ही कुठल्याच बिलात लिहिलेली नसते. 3,000 गेले आणि वर हजारभर जीएसटी-फीचे, म्हणजे 51,990 ची वस्तू त्याला सुमारे 56,000 ला पडतेय. वर्षभर हळूहळू फिटत जाणाऱ्या रकमेवर हे चार हजार म्हणजे वर्षाला साधारण 14 टक्के झाले. पर्सनल लोनच्या जवळपासच की! म्हणून मी सगळ्यांना म्हणते, हप्ता किती हे नंतर विचारा, आधी विचारा की आत्ता पूर्ण पैसे दिले तर कितीला देणार.

आता पे लेटर. कंट्रोलर आणि गेम मिळून 11,000, तीन हप्ते, 3,667 चा एक. हे खरोखरच बिनव्याजी होतं, कर्जाच्या माहितीपत्रकात एपीआर, म्हणजे व्याज आणि फी धरून वर्षाचा एकूण दर, शून्यच लिहिलेला, आणि खोटं काही नव्हतं. पण त्याच कागदावर खाली कंटिन्जंट चार्जेस म्हणून वेगळा रकाना असतो, हप्ता चुकला, ऑटोपे परत गेला तर काय लागेल त्याचा, आणि तो एपीआरमध्ये धरलेला नसतो. रोहनचा हप्ता 2 तारखेला, पगार 7 ला. पहिला हप्ता आधीच्या शिलकीतून निघाला, दुसऱ्याला खात्यात अकराशे रुपये. कंपनीने 500 लावले, त्याच्या बँकेने ऑटोपे परत केल्याचे जीएसटीसकट 590, मग 5 तारखेला कंपनीने परत प्रयत्न केला, तेव्हाही पैसे नाहीत, बँकेचे अजून 590. म्हणजे 3,667 च्या हप्त्यापायी 1,680 गेले आणि व्याज मात्र शून्यच बरं का. असा अॅपचा हप्तासुद्धा सिबिलला कर्ज म्हणूनच दिसतो, हे त्याला माझ्याकडून कळलं.

आता पर्सनल लोनचं. तो रडकुंडीला आलेला, म्हणत होता की एकदाचं सगळं संपवायचंय. कार्डाचे दोन हप्ते झालेले, म्हणजे मुद्दल सुमारे 42,636 राहिलं. आत्ता बंद केलं तर पुढचं व्याज आणि जीएसटी मिळून 3,763 वाचतात, कारण सूट आधीच मिळून गेलीय. पण बँक आधी बंद करायचे 3 टक्के घेते, जीएसटीसकट 1,509. हातात पैसे असते तर बावीसशे रुपये वाचवायला मी हो म्हटलं असतं. पण पैसे उसने आणायचे होते, 44,145 रुपये 24 टक्क्यांनी 10 महिने, त्याचं व्याजच 5,000, त्या अॅपची फी वेगळी. कार्ड बंद करायचे 1,509 धरले तर 3,763 वाचवायला साडेसहा हजार घालवायचे! लोनच्या अॅपवर हप्त्याचा आकडा 4,915 दिसतो आणि 4,583 च्या शेजारी तो फार वाटत नाही, माणूस तिथेच अडकतो.

म्हणून कार्डाचा ईएमआय तसाच चालू ठेवायचं ठरलं, फक्त दर महिन्याला बिल पूर्ण भरायचं, मिनिमम ड्यू नाही. कार्डाच्या मिनिमम ड्यूत ईएमआय येतोच, पण बाकी खरेदीचं राहिलं तर त्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागायला लागतात आणि मग 16 टक्केसुद्धा स्वस्त वाटतात.

पे लेटरचा शेवटचा हप्ता 7 तारखेला पगार आल्या आल्या अॅपमधून हाताने भर म्हटलं, पुढच्या 2 तारखेची वाट बघू नकोस. अगदी आदल्या दिवशी भरलं तर कधीकधी ऑटोपेची मागणी बँकेकडे आधीच गेलेली असते आणि दोनदा कापतात, मग परत मिळवायला आठवडा जातो. त्याने तसं केलं, नो ड्यूजचं पत्र घेतलं, बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ऑटोपेचं मँडेट रद्द केलं आणि पे लेटरची लिमिटही बंद करायला लावली, त्यासाठी मात्र कस्टमर केअरला चार वेळा फोन करावा लागला. घरी सांगायचं अजून राहिलंय, पण बाबांच्या एफडीला हात लावायची वेळ आली नाही म्हणून तो खूष होता.