इटालियन गाण्याच्या नोटेशनच्या पानांचे फोटो आहेत. शब्दांचं मराठी करायचंय, पण गतीच्या सूचना तशाच ठेवायच्यात. एकाच भाषेत असल्यामुळे कोणतं काय ते कळत नाहीये, कसं करू?

अर्थावरून ठरवायला जाऊ नका, जागेवरून ठरवा. माझंही पहिल्या वेळी इथंच चुकलं होतं. ‘मोरेंदो’ हा शब्द मी गाण्यातला समजून ‘मरता मरता’ असा कवितेत घातला. खरं तर ती आवाज हळूहळू विरवत नेण्याची सूचना होती.

गायकाच्या ओळीत पाच रेघांच्या खाली, एकेका सुराखाली तोडून छापलेलं असतं ते गाणं. रेघांच्या वर तिरप्या किंवा ठळक अक्षरांत, न तोडता छापलेली असते ती सूचना. त्यामुळे वर सलग ‘दोल्चे’ दिसलं तर ते ‘मधुरपणे गा’ म्हणून तसंच ठेवायचं, आणि खाली ‘दोल - चे’ असं तुटक दिसलं तर त्याचं ‘गोड’ करायचं. पियानोच्या दोन ओळींमधला मजकूर बहुतेक सूचनाच असतो.

मग तोडलेले शब्द जोडून घ्या. इटालियनमध्ये एका शब्दाचा शेवटचा स्वर आणि पुढच्याचा पहिला स्वर बरेचदा एकाच सुराखाली येतात. ‘दोल्चे आमोरे’मधले ‘चे’ आणि ‘आ’ असेच चिकटतात आणि फोटोतून मजकूर उचलताना भलताच एक शब्द तयार होतो. कडवी एकाखाली एक छापलेली असतील, तर पहिल्याची ओळ पानाच्या शेवटापर्यंत नेऊन मगच दुसऱ्याकडे वळा. नाहीतर दोन्हींची खिचडी होते.

खरी अडचण यापुढे येते. समजा ओळ अशी आहे: ‘तोर्ना आल मियो क्वोरे, दोल्चे आमोरे’. शेवटच्या ‘आमोरे’वर ‘रिट.’ लिहिलंय, म्हणजे तिथे गती कमी करायची. मराठीत ही ओळ ‘गोड सखे, माझ्या हृदयात परत ये’ अशी होईल. इटालियनमध्ये शेवटी असलेली सखी पहिली आली आणि पहिला ‘तोर्ना’ शेवटी गेला. ‘रिट.’ शब्दाला बांधलंत तर गाणारा ओळीच्या सुरुवातीलाच रेंगाळेल. म्हणून सूचना बारच्या, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्याच्या, क्रमांकाला बांधा: ‘बार १२: रिट.’. बऱ्याच छापील प्रतींत रांगेच्या सुरुवातीला बारीक आकडा असतो. नसेल तर उभ्या रेघा मोजून फोटोवर आकडे घाला, फक्त सुरुवातीचा अपुरा बार मोजू नका.

‘रिट.’चा विस्तारही करू नका. ते सहसा रिटार्डांडो, म्हणजे हळूहळू मंद होणं. पण काही ठिकाणी रिटेनूटो, म्हणजे तिथल्या तिथे गती आवरणं. ती निवड गाणाऱ्याची आहे, तिच्यासाठी संक्षेप आणि त्यापुढचा टिंब जसाच्या तसा राहू द्या. सूचनांचे मराठी अर्थ हवेच असतील तर शेवटी एकदाच वेगळे द्या, ओळींमध्ये नकोत.